मदत हवी आहे: शीतकक्षाचे तापमान साडेचार तास मर्यादेबाहेर राहूनही इशारा का आला नाही?

वहीखाते (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या दवा बाजारात आमचा औषधांचा घाऊक व्यवसाय असून इन्सुलिन आणि लसींसाठी २ ते ८ अंशांचा एक छोटा शीतकक्ष आहे. दर ५ मिनिटांनी तापमानाची नोंद होते आणि आकडा ८ च्या वर सलग ३० मिनिटे राहिला तर माझ्या मोबाइलवर इशारा येतो. पूर्वी ही मुदत १० मिनिटांची होती, पण माल उतरवताना दार उघडे राहिले की इशारा वाजायचा आणि रात्रपाळीच्या मुलाने शेवटी आवाजच बंद करून ठेवला होता, म्हणून ती वाढवली.

गेल्या आठवड्यात बाष्पक बर्फाने भरला. रात्री १:१० पासून ५:४० पर्यंतच्या ५५ नोंदींपैकी ४६ नोंदी ८ च्या वर आहेत, तरीही इशारा एकही नाही. सुरुवातीचा भाग असा आहे:

```
01:10  8.3
01:15  8.6
01:20  8.8
01:25  8.4
01:30  7.9
01:35  8.5
01:40  8.7
```

१:३० च्या एका ७.९ ने मोजणी पुन्हा शून्यावर गेली आणि रात्रभर हेच होत राहिले. मुदत न घटवता हे कसे टाळावे?

राऊकर

सरळ तासाभराची सरासरी काढा आणि ती ८ च्या वर गेली की इशारा द्या. एखाददुसऱ्या आकड्याने सरासरी हलत नाही.

कंप्रेसरकाका

राऊकर, तुमच्या उपायाने या रात्री इशारा नक्की आला असता, पण उशिरा, कारण बिघाडाआधीचे ५ अंशांचे आकडेही त्या तासात मिसळतात. शिवाय खालच्या बाजूला सरासरी घातकच आहे, कारण इन्सुलिन एकदा गोठले की ते वापरायचे नाही, मग नंतरचा तास कितीही चांगला गेलेला असो.

वहीखाते, दोष मुदतीत नसून घड्याळ थांबवण्याच्या अटीत आहे. आकडा ८ च्या वर गेला की घड्याळ सुरू करावे, पण ते ७.९ दिसताच थांबवू नये. तापमान ७.५ किंवा त्याखाली येऊन तिथे सलग १५ मिनिटे टिकले, तरच बिघाड मिटला असे धरावे.

```python
if t <= 7.5:
    good = good or now
    if now - good >= timedelta(minutes=15):
        start = None
else:
    good = None
    if t > 8.0 and start is None:
        start = now
alert = (start is not None
         and now - start >= timedelta(minutes=30))
```

तुमच्या नोंदींवर हे चालवले तर १:१० ला सुरू झालेले घड्याळ १:३० ला थांबत नाही आणि १:४० ला इशारा येतो. येथे `now` म्हणजे नोंद घेतल्याची वेळ, सर्व्हरवर पोहोचल्याची नव्हे, कारण नेट गेल्यावर साठलेल्या नोंदी एकदम येतात आणि तासाभराचा बिघाड दोन मिनिटांचा भासतो.

बटाटेवाला

आमच्या शीतगृहात बियाण्याचा बटाटा ३ अंशांच्या आसपास ठेवतो आणि ढीग इतका मोठा असतो की अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. वीजबिल वाचवण्यासाठी मुदत ३ तास केली तर चालेल का?

कंप्रेसरकाका

भाऊ, इशाऱ्याच्या मुदतीने वीजबिल घटत नाही, ते तुमच्या थर्मोस्टॅटवर ठरते. मुदत मात्र मालावर अवलंबून असते हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या ३० दिवसांच्या नोंदयंत्रात ८ अंशांच्या वर सलग १० तास आणि उणे ०.५ किंवा त्याखाली ६० मिनिटे असे दोन वेगळे इशारे ठेवलेले असतात. उष्णतेला मोठी मुदत आणि गोठण्याला छोटी, हा फरक तिथे स्पष्ट दिसतो.

वहीखाते (इंदूर)

काका, जुन्या महिन्याच्या नोंदी या अटीतून चालवून पाहिल्या. त्या रात्रीचा इशारा १:४० लाच येतो आणि दाराचे इशारे येत नाहीत, फक्त एका दुपारी मोठा माल उतरवताना एक आला. २ च्या खालच्या बाजूला मी १० मिनिटांची वेगळी मुदत ठेवली आहे. एक शंका उरते: वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो, मग नोंदच येत नाही आणि आकडाच नसल्याने इशाराही येत नाही.

कंप्रेसरकाका

ती तपासणी शीतकक्षाच्या जागेवर नको. दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाने शेवटच्या नोंदीची वेळ पाहावी आणि ती १५ मिनिटांहून जुनी असेल तर ‘नोंद थांबली’ असा वेगळा इशारा द्यावा. नोंद नाही म्हणून चालू घड्याळ कधीही शून्यावर नेऊ नका.

राऊकर

तपमापक ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवला तर दाराच्या झुळकीने आकडा उडतच नाही आणि मुदतीचा एवढा खटाटोपही कमी होतो. आमच्याकडे तसेच आहे.

कंप्रेसरकाका

हे पटते, कारण बाटलीतला आकडा औषधाच्या तापमानाजवळ असतो. पण हवेचा तपमापक काढून टाकू नये, नाहीतर पंखा बंद पडल्याचे बाटलीला बऱ्याच उशिरा कळेल.

वहीखाते (इंदूर)

मग दोन्ही ठेवले तर अर्ध्या तासाची मुदत कोणत्या आकड्यावर लावावी? बाटलीवर लावली तर ती कमी करावी लागेल असे वाटते, पण किती, हे कोणी स्वतः मोजून पाहिले असल्यास कृपया सांगावे.