मदत हवी आहे: सोसायटीतल्या रामजन्माची संहिता

मीनल_कोथरूड
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या सोसायटीच्या रामनवमीचं निवेदन माझ्या गळ्यात पडलं आहे. हॉल साडेअकरा ते दीड मिळाला आहे. चाळीसेक माणसं येतील, त्यांत निम्मी शाळकरी मुलं. कीर्तनकारबुवा नाहीत, म्हणून गोष्ट मीच सांगायची, मग पाळणा, आरती, सुंठवडा. गेल्या वर्षी ज्यांनी गोष्ट सांगितली, त्यांचा दशरथ पुत्रकामेष्टीलाच बसलेला होता आणि इकडे बारा वाजले म्हणून पोरांनी गुलाल उधळून टाकला. तेव्हा पहिला प्रश्न: जन्म नेमक्या वेळेवर येईल अशी गोष्ट कशी बांधायची? दुसरा: नवा पाळणा लिहिते आहे, पण म्हणताना अडखळतो. पहिली ओळ अशी आहे: "अयोध्या नगरीमध्ये दशरथ राजाच्या राजवाड्यात आज आनंदीआनंद झाला".

पेठेतला_आप्पा
बाराच्या ठोक्याला जन्म. त्यात विचार कसला करायचा? सूर्य डोक्यावर बारालाच येतो.

घड्याळजी
आप्पा, पुण्यात नाही येत. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि पुणे आहे पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली की पस्तीसेक मिनिटांचा फरक पडतो. रामनवमीच्या दिवसांत इथला खरा मध्यान्ह 12:35 ते 12:40 च्या दरम्यान येतो. काही देवळांत बारा चाळीसला जन्म करतात, तो याच हिशेबाने.

पेठेतला_आप्पा
म्हणजे आमच्या घरी तीन पिढ्या चुकीच्या वेळी पाळणा हलवत होत्या म्हणायचं!

बुवांची_सून
तसं नाही हो आप्पा. दिवसाचे पाच भाग केले तर मधला भाग मध्यान्हकाळ. या दिवसांत तो साधारण साडेअकराच्या आतबाहेर सुरू होतो आणि पावणेदोनच्या पुढे संपतो. बाराही त्यातच आणि बारा चाळीसही त्यातच. तुमचं बरोबर, फक्त सूर्याचं कारण बरोबर नाही.

मीनलताई, माझे सासरे चैत्रात नऊ दिवस कीर्तन करायचे, त्यांचीच रीत सांगते. जन्माची वेळ आधी ठरवायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. तुम्ही 12:35 धरा. गोष्ट अठरा मिनिटांची बसवा, पण सुरुवात 12:10 ला करा. उरलेली सात मिनिटं नामगजराला ठेवायची. गजर हाच तुमचा रबर: वेळ उरली तर "श्रीराम जय राम जय जय राम" लांबवायचा, कमी पडली तर दोन आवर्तनांत उरकायचा.

गोष्टीत काय ताणायचं नि काय सोडायचं, तेही आधीच ठरवा. अयोध्येचं वर्णन लवचीक असतं, तोरणं-रांगोळ्या दोन वाक्यांत संपतात किंवा पाच मिनिटं चालतात. डोहाळे वेळ नसेल तर चक्क गाळा. पायसाची वाटणी मात्र कापू नका, मुलांचे कान तिथेच टवकारतात. वाल्मीकींकडे ती अपूर्णांकाच्या गणितासारखी आहे. कौसल्येला अर्धं, उरलेल्यातलं अर्धं सुमित्रेला, मग उरलं त्यातलं अर्धं कैकेयीला आणि शेवटचा भाग पुन्हा सुमित्रेला. मुलांना विचारा, सुमित्रेला दोनदा का? लक्ष्मण-शत्रुघ्न जुळे, हे उत्तर कुणीतरी ओरडून देतंच.

त्यानंतर वसंत, चैत्र शुद्ध नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न. इथपर्यंत 12:28 ला पोहोचलात की थांबा आणि गजर सुरू करा. जन्माचं वाक्य एकच असावं आणि ते पाठ असावं. कागदात बघून म्हटलंत तर दोरी धरलेल्या बाईला खूणच कळत नाही. आमच्याकडे बुवा त्या वाक्याला चिपळ्या थांबवायचे, तीच खूण. मग फुलं, आणि लगेच पाळणा.

सौ_बाणेर
आमच्याकडे गुरुजीच मिळत नाहीयेत त्या दिवशी. सोळा उपचारांची पूजा स्वतः केली तर चालते का?

मीनल_कोथरूड
बाणेरताई, पूजेचा वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाल. सूनबाई, फार उपकार झाले! कैकेयीच्या हातातला पायसाचा भाग घार पळवते आणि तो अंजनीच्या ओंजळीत पडतो, ती गोष्ट घेऊ का?

बुवांची_सून
वाल्मीकींच्या वाटणीत घार नाही, पण आपल्याकडच्या कीर्तनांत ती हमखास येते. मुलांना मारुती हवाच असतो, म्हणून मी घेईन. "असंही सांगतात" एवढं म्हणा म्हणजे झालं. मात्र तिला तीन मिनिटं लागतात, ती डोहाळ्यांतून काढा.

पेठेतला_आप्पा
मी नाही घेणार. जे मुळात नाही ते रामाच्या तोंडावर कशाला?

ओवीवाली
पाळण्याचं मी बोलते. तुमची ओळ वाईट नाही, लांब आहे. पाळणा दोरीवर म्हणतात. एक झोका जाऊन परत येतो तेवढ्यात ओळ संपली पाहिजे, नाहीतर म्हणणाऱ्या बायका श्वासासाठी वेगवेगळ्या जागी थांबतात आणि ध्रुवपदाला कुणीच एकत्र येत नाही. ओळ हाताने झोका देत म्हणून बघा, लगेच कळेल. "नगरीमध्ये", "राजाच्या" हे शब्द काढून टाका. सगळ्यांना माहीत आहे तो राजा आहे ते. मी असं केलं असतं:

अयोध्येच्या दारी तोरण सजले
चैत्राच्या उन्हात आभाळ भिजले
कौसल्येच्या कुशी निधान निजले
जो बाळा जो जो रे जो

तीन ओळींचं यमक एकच ठेवलं की मुलं दुसऱ्या कडव्यापासून शेवटचा शब्द स्वतः ओळखतात. पाच कडवी पुरेत. नाव शेवटच्या कडव्यात घ्या.

घड्याळजी
नावाबद्दल एक शंका. रामायणात अकरा दिवस उलटल्यावर वसिष्ठांनी नावं ठेवली. आपण जन्मतःच बारसं करतो, ते कसं?

बुवांची_सून
उत्सवात दोन्ही एकत्र होतात, एवढंच. "कुणी राम घ्या, कुणी लक्ष्मण घ्या" म्हणत पाळण्याच्या वरून-खालून देणं-घेणं बारशाचंच आहे. ते कुठून आत आलं ते बुवांनाही सांगता आलं नव्हतं.

खाऊवाली_मावशी
सुंठवडा कुणी विचारलाच नाही! चाळीस जणांना चमचाभर द्यायचा तर दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा कीस, एक वाटी पिठीसाखर, चार लहान चमचे सुंठपूड, दोन चमचे भाजलेली खसखस, वेलदोडा. मुलं जास्त आहेत म्हणून सुंठ आधी तीनच चमचे घाला आणि चाखून बघा. कीस मंद आचेवर गुलाबीसर भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मिक्सर फिरवलात की खोबऱ्याला तेल सुटतं आणि सुंठवड्याचा गोळा होतो. साखर शेवटी, हाताने. सुंठपूड डब्यातली जुनी असेल तर आधी वास घ्या. नाकात झणका आला नाही तर नवी आणा.

मीनल_कोथरूड
मावशी, उपासवाल्यांना चालेल ना?

खाऊवाली_मावशी
आमच्याकडे जन्म झाला की सुंठवडा घेतात आणि उपास दुसऱ्या दिवशी सोडतात. माझ्या जावेकडे जन्मानंतर थेट पानं वाढतात. आपापल्या घरचं बघावं.

पेठेतला_आप्पा
गुलाल हॉलमध्ये उधळणार आहात का? फरशी पुसायला कोण आहे?

मीनल_कोथरूड
नाही, मोगरा आणि झेंडूच्या पाकळ्या. कमिटीने गुलालाला आधीच नाही म्हटलंय. एकच राहिलं. मूर्ती उभी आहे, पाळण्यात मावत नाही, म्हणून कुंची घालून नारळ ठेवणार आहे. शेंडी कुठे असावी?

बुवांची_सून
आमच्याकडे उशाच्या बाजूला, कुंचीच्या आत. आणि कुंचीचे बंद नारळाला घट्ट बांधा. झोका जोरात गेला की नारळ गडगडतो, आणि मुलं पुढची पाचही कडवी नुसती हसत बसतात.