भागीदारी मोडताना ‘उसने’ आणि ‘भांडवल’

तिफण: माह्या भावाचं नि त्याच्या साळ्याचं दारव्ह्याकडं कृषी केंद्र होतं. नफा-तोटा अर्धा-अर्धा. यंदा दुकान मोडलं. भावाचं भांडवल ४ लाख, साळ्याचं २ लाख. तीन वर्षांमागं बियाण्याचा माल उचलायला भावानं वरून २ लाख दिले. साळा म्हणते, तेही भांडवलच. मंग ‘उसने’ कशाले म्हणायचं?

दिवाणजी: माल विकून आणि उधारी वसूल होऊन हाती किती आले? बाहेरची देणी किती?

तिफण: ९ लाख आले. खतवाल्या डीलरचे ५ लाख द्यायचे हायेत.

कपाशीवाला: सोपं हाय. आधी डीलर, मंग भावाचे उसने २ लाख. उरले २, ते भांडवलाच्या प्रमाणात वाटा.

दिवाणजी: क्रम बरोबर, वाटणी चुकली. भांडवल ६ लाख आणि उरले २, म्हणजे तोटा ४ लाखांचा. तोटा नफ्याच्याच वाट्यानं, दोघांवर दोन-दोन. साळ्याचे २ तोट्यातच गेले, त्याला शून्य. उरलेले २ भावाचे. ‘प्रमाणात’ हा शब्द तोटा वाटल्यानंतर लावायचा, आधी नाही.

गावठाण: आमच्या भागीदाराच्या डोक्यावर सोसायटीचं पीककर्ज हाय. तेही बाहेरचंच देणं ना? आधी फेडायचं का?

दिवाणजी: ते त्याचं खासगी कर्ज. फर्मच्या पैशातून आधी फर्मची देणी. त्याच्या वाट्याला काही उरलं, तर त्यावर सोसायटीचा हक्क.

तिफण: मंग साळ्यानं भांडवल म्हटलं तं त्याचा फायदा काय?

दिवाणजी: मुद्दलात काहीच नाही. भांडवल धरलं तरी भावाचे ६ वजा २, हाती ४ च येतात. खरं भांडण व्याजाचं हाय. भांडवलावर व्याज करारात लिहिलं असेल तरच, तेही नफ्यातून. उसन्या रकमेवर मात्र करार गप्प असला तरी १९३२ च्या भागीदारी कायद्यानं वर्षाला ६ टक्के. तीन वर्षांचे ३६ हजार झाले, तेवढा तोटा वाढला. साळ्याला खिशातून १८ हजार भरावे लागतील. तिसरा भागीदार असता आणि तो कंगाल निघाला असता, तर हा क्रम मुद्दलालाही भोवला असता.

कपाशीवाला: म्हणजे १८ हजारांपायी सोयरीक मोडते, बाप्पा!

तिफण: पण वहीत काही लिहिलंच नाही. भावानं चेक थेट डीलरच्या नावानं फाडला होता.

दिवाणजी: मग त्या वर्षीचा ताळेबंद काढा. सीएनं ती रक्कम कर्जाच्या खात्यात दाखवली असेल आणि खाली साळ्याची सही असेल, तर भावाची बाजू भक्कम.

तिफण: सही तं दोघांचीबी हाय. रक्कम मात्र ‘इतर देणी’त हाय.

कपाशीवाला: मंग तं ते भांडवल नाहीच!

दिवाणजी: तेवढ्यावरून पक्कं म्हणता येत नाही. त्या ‘इतर’मधला तपशील पाहा, मगच बोलू.