फिल्टरने डोळेच गेले
"आजीच्या फोटोला ऑइल पेंटिंगचा फिल्टर लावला, तर डोळेच पुसले गेले. असं का?"

फोटो चॅटवरून आलाय ना? तिथे तो आकसून लहान होतो. फिल्टरचा ब्रश पिक्सेलमध्ये मोजतात. त्रिज्या ८ ठेवली की फटकारा साधारण १६ पिक्सेलचा. फोटो ८०० रुंद, त्यात चेहरा १२०, म्हणजे डोळा जेमतेम २४. दीड फटकाऱ्यात खलास! ४००० रुंदीच्या मूळ फोटोत तोच डोळा १२० भरतो. छोटा फोटो ताणून मोठा करू नका. जेपीईजीचे चौकोन कपाळावर फरशीसारखे उमटतात (मी करून बसलोय). मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मग गिम्प या फोटो एडिटरमध्ये लेयरची प्रत काढून तिलाच Oilify हा ऑइल पेंटिंगचा फिल्टर लावा, Opacity ६० वर आणा आणि तिला पांढरा लेयर मास्क जोडून त्यावर डोळ्यांपुरता काळा ब्रश फिरवा. खालचे खरे डोळे दिसू लागतील.