मदत हवी आहे: घरी धुतलेल्या भाड्याच्या घागऱ्याचं डिपॉझिट किती कापावं?

नमस्कार मंडळी, इंदूरला लग्नाचे कपडे भाड्याने देतो. एका हिशेबात तुमचं मत हवं आहे.

रेशमी घागरा, तीन दिवसांचं भाडं 5,000, डिपॉझिट 8,000. ड्रायक्लीनिंगचे 700 भाड्यातच धरलेले. परत आला तेव्हा पुढच्या दोन कळ्यांवर लालसर चट्टे होते. डाग हळदीचाच, पण ताईंनी घरी साबण लावून चोळला. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपलं तर ती पुन्हा पिवळी पडते, आणि पिवळा डाग उन्हात फिका होतो. सुती कापडाला हे चालतं. इथे उन्हाने रेशमाचाच रंग उडेल. शिवाय भिजल्यामुळे अस्तर आटलंय आणि घेर खालून ओढला जातोय.

दोन कळ्या बदलणं, जरीकाम काढून पुन्हा लावणं आणि नवं अस्तर मिळून कारागीर 2,600 सांगतोय. ताईंचं म्हणणं, पावतीवर 'धुलाई समाविष्ट' लिहिलंय, मग डागाचे पैसे कसले? नुसती हळद असती तर मीही काही कापलं नसतं. ती लग्नात लागणारच. पण घरची धुलाई मला नुकसानच वाटते.

2,600 कापून 5,400 परत द्यावेत असं मनात आहे. दुरुस्तीमुळे पुढचं एक बुकिंग रद्द होतंय, त्याचं भाडं तुम्ही कापता का? आणि 'डाग पडल्यास घरी धुऊ नये' ही अट पावतीवर नेमकी कशी लिहिता? शक्य असल्यास मजकूर पाठवा.