स्विचवर A आणि B ची अदलाबदल करावी का?

जळगावचा अंगठा: घरात प्लेस्टेशन ४ आधीपासून आहे, आता निन्टेंडो स्विच आलाय. प्लेस्टेशनवर खालचं बटण म्हणजे 'हो' आणि उजवीकडचं म्हणजे 'मागे'. स्विचवर बरोबर उलटं. मेनूत दर वेळी अंगठा फसतो. बटणं बदलून टाकू की सवय बदलू?

भुसावळ_जंक्शन: बदला, त्यात काय एवढं भो! एप्रिल २०२० च्या 10.0.0 अपडेटपासून सोय स्विचमध्येच आहे. System Settings → Controllers and Sensors → Change Button Mapping. तिथे तुमचा कंट्रोलर निवडा, A ला B चं काम द्या आणि B ला A चं. दोन्ही नोंदी बदलायच्या, एक बदलून थांबलात तर दोन बटणं एकच काम करत बसतील. जॉय-कॉनची जोडी, आडवा धरलेला एकटा जॉय-कॉन आणि प्रो कंट्रोलर यांची मांडणी वेगवेगळी ठेवली जाते. जोडीला बदललं म्हणून प्रोला आपोआप लागू होत नाही.

धुळेकर७२: मी म्हणतो अजिबात बदलू नका. ही अदलाबदल मेनूपुरती नाही, सगळ्या यंत्राला लागते. मारियो कार्ट ८ डिलक्स घ्या. A म्हणजे वेग, B म्हणजे ब्रेक. बदल केलात की वेग खाली येणार आणि ब्रेक उजवीकडे. मेनू सुधारला, गाडी बिघडली! शिवाय पडद्यावर 'A दाबा' असंच येत राहणार, आणि तुम्ही दाबायचं ते बटण ज्यावर B छापलंय.

भुसावळ_जंक्शन: कार्टचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. प्लेस्टेशनच्या बऱ्याच जुन्या रेसिंग गेममध्ये वेग खालच्या बटणावरच असायचा. ज्याचा अंगठा तिथे रुळलाय त्याला हा बदल सोयीचाच. पडद्यावरचं चिन्ह मात्र चुकतं, ते मान्य.

अमळनेरी: मग टोप्याच काढून एकमेकींच्या जागी बसवा ना. काम फत्ते.

धुळेकर७२: टोपी बदलून काय होणार? खालचा संपर्क तोच राहतो, खालचं बटण B चाच सिग्नल पाठवणार.

सातपुडा_सर्किट: दोघेही अर्धे बरोबर. नुसत्या टोप्या बदलल्या तर फक्त अक्षरं चुकीच्या जागी जातील. पण आधी सॉफ्टवेअरमधून अदलाबदल केली असेल, तर टोप्या बदलल्यावर अक्षर, सिग्नल आणि पडद्यावरचं चिन्ह तिन्ही जुळतात. अडचण अशी की जॉय-कॉनच्या मागे तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, साधा पेचकस चालत नाही. शिवाय टोप्यांच्या कडेच्या खाचा अनेक कंट्रोलरमध्ये वेगवेगळ्या ठेवतात, त्यामुळे एकीची टोपी दुसरीच्या भोकात बसेलच असं नाही. अंगठ्याएवढं गोल स्टिकर लावा, सुटका.

मूळ मुद्दा वेगळा आहे. गेमला 'हो' आणि 'नाही' कळत नाही, फक्त A आणि B कळतात. त्यामुळे यंत्राच्या पातळीवर केलेला बदल मेनू कुठे संपला आणि गेम कुठे सुरू झाला हे ओळखू शकत नाही. प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या काळात यंत्रच गेमला सांगायचं, की इथे 'हो' गोलावर आहे की फुलीवर. जपानी यंत्रात गोल होता, आपल्याकडे फुली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा जपानमध्येही फुलीच केली. तिथेही Accessibility मधून अदलाबदल होते, पण ती पुन्हा सरसकटच.

नंदुरबार_टीव्हीगेम: माझं काम वेगळं आहे. जुन्या कॅसेटचे गेम रेट्रोआर्चवर लावतो. तिथेही हीच कटकट. मीही System Settings शोधू का?

सातपुडा_सर्किट: तो वेगळा प्रश्न, आणि तुमचा सोपा. रेट्रोआर्चमध्ये फक्त मेनूची अदलाबदल होते, खेळाला धक्का लागत नाही. `retroarch.cfg` मधली ही ओळ:

```
menu_swap_ok_cancel_buttons = "true"
```

आधीच `true` असेल तर `false` करा. रेट्रोआर्च बंद करूनच फाईल उघडा. चालू असताना बदल केला, तर बाहेर पडताना तो आपली जुनी आवृत्ती वर लिहून टाकतो आणि तुम्हाला वाटतं सेटिंगच चालत नाही.

धुळेकर७२: हेच स्विचवर असतं तर मी गप्प बसलो असतो. पण घरात चार जण खेळत असतील आणि बदल एकालाच माहीत असेल, तर 'सेव्ह पुसायचं का?' या खिडकीवर कुणाचा तरी अंगठा नक्की चुकणार.

भुसावळ_जंक्शन: त्यासाठी प्रो कंट्रोलरची मांडणी बदला, जॉय-कॉनची जोडी मूळ ठेवा. पाहुण्याच्या हाती जोडी द्या. आणि हा बदल कंट्रोलरमध्ये नाही, स्विचमध्ये साठतो. मित्राच्या घरी प्रो नेलात की तिथे पुन्हा मूळ मांडणी.

जळगावचा अंगठा: प्रोवर दोन्ही नोंदी बदलल्या, मेनू जुळला. कार्टमध्ये ब्रेक उजवीकडे गेला, तेवढा अंगठा अजून खातो. वेग आणि ब्रेक तेवढे कार्टच्या आतून परत फिरवता येतात का कुणाला माहीत?