इलेक्ट्रिक गाडीचे कूलंट आणि गिअर ऑईल: मालकाने खरोखर काय विकत घ्यावे?

सह्यगिरी (नाशिक)

गेल्या वर्षी मी वापरलेली इलेक्ट्रिक मोटार घेतली. गाडीला आता 4 वर्षे झाली असून ती 62,000 किलोमीटर धावली आहे. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकात बॅटरी कूलंट, रिडक्शन गिअर ऑईल आणि ब्रेक ऑईल हे तिन्ही बदलायचे म्हणून लिहिले आहे. बॉनेटखालच्या टाकीतले कूलंट किमान पातळीच्या खुणेखाली थोडे उतरले आहे, त्यामुळे बाजारातून लिटरभराचा कॅन आणून स्वतःच भरावे असे मनात आहे. यातले काय घ्यावेच लागते आणि कशावाचून भागते?

रोखठोक

काच धुण्याचे पाणी आणि कधीतरी ब्रेक ऑईल सोडले, तर इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाला कोणतेही द्रव विकत घेण्याचे कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. इथे इंधन जळत नाही, तेलात काजळी मिसळत नाही आणि बॅटरीच्या कूलंटला इंजिनाइतकी उष्णता सोसावी लागत नाही. टेस्लाच्या मालकपुस्तिकेत तर स्पष्ट म्हटले आहे की बहुतेक परिस्थितींत बॅटरीचे कूलंट गाडीच्या आयुष्यभर बदलावे लागत नाही. एक कंपनी असे लिहून देते आणि दुसरीच्या अंदाजपत्रकात मात्र तोच खर्च दिसतो, तेव्हा ग्राहकाने प्रश्न विचारायलाच हवा. पातळी कमी झाली असेल तर चांगल्या प्रतीचे कोणतेही ग्लायकॉल कूलंट भरावे, कारण मूळ द्रव्य सगळ्यांत एकच असते. ब्रेकचेही तसेच आहे. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटारच करते, त्यामुळे ब्रेक ऑईल फारसे तापत नाही.

बाबासाहेब (लातूर)

माझ्या दोन ई-रिक्षा आहेत. बॅटरीत कूलंट भरायचे नसते, डिस्टिल्ड वॉटर भरायचे असते. आम्ही दर महिन्याला प्रत्येक झाकण उघडून पातळी पाहतो, आणि नळाचे पाणी घातले की बॅटरी लवकर बसते हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. बाजारात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन स्वस्तात मिळतो, तोच घ्यावा.

यंत्रविहार (चाकण)

बाबासाहेब, तुमच्या रिक्षांत लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्यासाठी तुमचा सल्ला अगदी योग्य आहे. सह्यगिरी यांच्या मोटारीतली लिथियम बॅटरी मात्र बंदिस्त असते आणि तिच्यात मालकाने काहीही भरायचे नसते. टाकीतले कूलंट बॅटरीच्या आत ओतले जात नाही. सेलना लागून असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांतून ते फिरते आणि उष्णता बाहेर घेऊन येते.

रोखठोक यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे, पण “कोणतेही ग्लायकॉल कूलंट भरावे” हे वाक्य सह्यगिरींनी कृपया अमलात आणू नये. ग्लायकॉल आणि पाणी बहुतेक कूलंटांत असतेच, फरक पडतो तो गंजरोधक द्रव्यांमुळे. साध्या इंजिन कूलंटमध्ये ही द्रव्ये क्षारांच्या रूपात असतात, आणि त्यामुळे त्याची विद्युतवाहकता काही हजार मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत जाते. काही कंपन्या बॅटरीसाठी लो कंडक्टिव्हिटी कूलंट वापरतात आणि त्याची वाहकता साधारण शंभराच्या आत ठेवलेली असते. अपघातात किंवा सांधा सैल होऊन द्रव बॅटरीच्या पेटीत उतरला, तर शेकडो व्होल्टच्या दोन वीजवाहक पट्ट्यांमध्ये त्याने विजेला वाट करून देऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

आता एक लिटरचा कॅन किती बिघडवू शकतो ते पाहू. समजा यंत्रणेत एकूण 6 लिटर द्रव मावतो आणि सध्याच्या कूलंटची वाहकता 50 आहे. त्यात 3,000 वाहकतेचे साधे कूलंट केवळ अर्धा लिटर मिसळले, तरी ढोबळ हिशेबाने मिश्रण 300 च्या जवळ पोहोचते, म्हणजे जवळजवळ सहापट. गाडी त्या दिवशी नेहमीसारखीच चालेल, कोणताही दिवा लागणार नाही, आणि म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही. नंतर गळती झाली तर मात्र ज्या संरक्षणासाठी ते खास कूलंट भरलेले होते ते संरक्षण उरलेले नसते.

रंगावरून ओळखण्याचा प्रयत्नही करू नये. एका कंपनीचे निळे कूलंट लो कंडक्टिव्हिटी असते, तर दुसऱ्या कंपनीच्या निळ्यात तो गुण मुळीच नसतो. टाकीच्या झाकणावरची सूचना आणि मालकपुस्तिकेतले द्रवांचे कोष्टक या दोनच गोष्टी प्रमाण मानाव्यात.

रोखठोक

एक आक्षेप नोंदवतो. टेस्लाने अनेक वर्षे जी-48 जातीचे कूलंट वापरले आणि ते लो कंडक्टिव्हिटी नाही, इंजिनांतही चालणारे साधे कूलंट आहे. त्या गाड्या जगभर लाखो किलोमीटर धावल्या. मग वाहकतेची ही भीती मालकाला महागडा कॅन विकण्यासाठी तर नाही ना, असा संशय मला अजूनही आहे.

यंत्रविहार (चाकण)

जी-48 बद्दल तुम्ही बरोबर सांगत आहात. ज्या कंपनीने बॅटरीची पेटी आणि तिची गळती-संरक्षणाची व्यवस्था साधे कूलंट गृहीत धरून आखली आहे, तिच्या गाडीत साधेच भरावे. माझे म्हणणे एवढेच आहे की एका कंपनीचा नियम दुसरीच्या गाडीला लावू नये. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांत तर बॅटरी द्रवाने थंड होतच नाही. त्या गाड्यांतले कूलंट मोटार आणि इन्व्हर्टरसाठी असते.

बदलण्याच्या मुदतीतही हाच फरक दिसतो. ह्युंदाईच्या वेळापत्रकांत साध्या कूलंटचा पहिला बदल 10 वर्षांनी सांगितलेला आढळतो, तर लो कंडक्टिव्हिटी कूलंटचा 3 वर्षे किंवा 60,000 किलोमीटरच्या आसपास. हे उलटे वाटते, पण त्याचे कारण सरळ आहे: वापरात धातूंचे आयन द्रवात उतरतात, ग्लायकॉलचेही हळूहळू विघटन होते, आणि वाहकता वाढत जाते. सह्यगिरींच्या गाडीत हे दुसऱ्या प्रकारचे कूलंट असेल, तर 62,000 किलोमीटरवरच्या त्या अंदाजपत्रकात फसवणूक नसून वेळापत्रकच असण्याची शक्यता आहे.

मात्र पातळी उतरली का, हा प्रश्न बदलाच्या आधी सोडवायला हवा. बंद यंत्रणेतले कूलंट सहसा संपत नाही. सकाळी गाडी थंड असताना, नेहमीच्याच सपाट जागी, टाकीवर चिकटपट्टीने खूण करावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. पातळी आणखी उतरली असेल तर भरत बसण्याऐवजी दाब देऊन गळती तपासून घ्यावी. रेडिएटरच्या नळ्यांचे सांधे आणि पंप इथे ओल किंवा वाळलेल्या द्रवाचा पांढरट डाग दिसतो का, हे मालकालाही पाहता येते. डॅशबोर्डवर इन्सुलेशनची किंवा उच्चदाब यंत्रणेची सूचना आली, तर मात्र गाडी चालवू नये आणि चार्जिंगलाही लावू नये.

ब्रेक ऑईलच्या बाबतीत मला असहमती नोंदवावी लागते. ते बिघडते ते वापरामुळे नव्हे, तर हवेतला ओलावा शोषल्यामुळे, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात गाडी उभी असली तरी ते ओलावा घेतच राहते. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा 155 वर येते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोटारीकडून मिळणारा रोध कमी होतो, आणि अशा वेळी घाट उतरताना सारा भार ब्रेकवरच येतो. अनेक कंपन्या 2 वर्षांनी बदल सांगतात, टेस्ला 4 वर्षांनी तपासणी सांगते; तपासून घेतलेले बरे.

मृण्मयी (आइंडहोव्हन)

मी गिअर ऑईलबद्दल सांगते, कारण तो खर्च मी स्वतः केला आहे. माझ्या गाडीला 70डब्ल्यू, जीएल-4 प्रतीचे जेमतेम लिटरभर तेल लागते. पुस्तिकेत नेहमीच्या वापरासाठी फक्त तपासणी सांगितली आहे, तरी मी 40,000 किलोमीटरवर ते बदलून घेतले. निघालेले तेल काळपट करडे होते आणि निचऱ्याच्या बोल्टवर लोखंडाचा बारीक लगदा जमला होता. आम्ही चुंबक असलेला बोल्ट बसवला. पुढच्या 30,000 किलोमीटरनंतर तेल बरेच स्वच्छ निघाले. म्हणून माझ्या मते प्रत्येक मालकाने पहिले तेल 20,000 च्या आतच काढून टाकावे.

रोखठोक

दुसऱ्यांदा तेल स्वच्छ निघाले, यावरून नव्या दातांची पहिली झीज होऊन गेली एवढेच सिद्ध होते. पहिले तेल तसेच राहिले असते तर बेअरिंग खराब झाले असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. काळा रंग म्हणजे बिघाड नव्हे.

यंत्रविहार (चाकण)

इथे मी दोघांच्या मधे आहे. रंगावरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण लोखंडाचे कण बेअरिंगमधून फिरत राहणे चांगले नाही हेही खरे. इंजिनाच्या गाडीत ऑईल फिल्टर असतो. टेस्लाच्या मॉडेल 3 च्या गिअरपेटीतही पंप आणि फिल्टर आहे. लहान गाड्यांच्या अनेक पेट्यांत मात्र दातांनी उडवलेल्या तेलावरच सारे चालते आणि कण तिथेच राहतात. ह्युंदाईने आपल्या कोना या इलेक्ट्रिक गाडीसाठी खडतर वापरात 1,20,000 किलोमीटरवर बदल सांगितला आहे, म्हणजे त्या कंपनीच्या दृष्टीनेही हे तेल सर्वांसाठी अजरामर नाही. त्याआधी बदलल्याने पेटीचे आयुष्य वाढते का, याचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही.

बदलायचेच असेल तर चूक कुठे होते ते सांगतो. 70डब्ल्यू मिळाले नाही की गॅरेजवाला मागच्या अ‍ॅक्सलचे 75डब्ल्यू-90, जीएल-5 तेल भरतो. शंभर अंशांना ते जवळजवळ तिप्पट घट्ट असते. मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या मोटारीच्या दातांना ते उगाच ओढ देते. शिवाय जीएल-5 मधली गंधकयुक्त द्रव्ये तांब्याला मानवत नाहीत, आणि ज्या गाड्यांत तेच तेल मोटारीच्या गुंडाळ्यांनाही थंड करते, तिथे हे फार गंभीर ठरू शकते. निचऱ्याचा बोल्ट सोडण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो का, हेही पाहून घ्यावे.

अंदाजपत्रकात नसलेली एक गोष्ट सांगतो. एसीचा गॅस भरताना कॉम्प्रेसरमध्ये कोणते तेल घालतात ते जरूर विचारा. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटार त्याच तेलात आणि गॅसमध्ये बुडालेली असते, म्हणून तिथे सहसा विद्युतरोधक पीओई तेल लागते. पेट्रोल गाड्यांचे पीएजी तेल थोडे जरी मिसळले, तरी इन्सुलेशन कमी होऊन गाडी बंद पडू शकते.

सह्यगिरी (नाशिक)

मालकपुस्तिका आणि टाकीचे झाकण दोन्ही पाहिले. माझ्या गाडीत लो कंडक्टिव्हिटी कूलंटच आहे आणि पहिल्या बदलाची मुदत 3 वर्षांची दिली आहे, म्हणजे आधीच्या मालकाने तो केलेला नसावा. रेडिएटरच्या खालच्या नळीच्या क्लॅम्पभोवती ओलसर डाग आहे. आधी तो सांधा दाब देऊन तपासून घेईन आणि मग कंपनीचे तयार मिश्रण भरून घेईन. ब्रेक ऑईल या पावसाळ्याआधी बदलणार आहे. गिअर ऑईलबद्दल मात्र माझा निर्णय झालेला नाही. मृण्मयी, निघालेल्या तेलाचा नमुना तुम्ही प्रयोगशाळेत तपासून घेतला होता का?

मृण्मयी (आइंडहोव्हन)

पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळचा नमुना बाटलीत ठेवला आहे, पण पहिल्याशी तुलना न करता त्यातल्या लोखंडाच्या आकड्यावरून काय ठरवायचे, हे मला कुणी समजावून सांगितल्यास बरे होईल.