हुडी काढून नऊवारी नेसवली आणि चेहऱ्याचा प्रकाशच बदलला. सीन पुन्हा रेंडर करावा की जुन्या चित्रावर फक्त साडी बसवावी?

ओवी_थ्रीडी:
एका मोबाइल गेमसाठी केलेलं पात्र आहे. मोठं डोकं, मातीच्या खेळण्यासारखी मॅट त्वचा, पांढरी हुडी आणि जीन्स. डावीकडून वरून उबदार मुख्य दिवा, उजवीकडे मागून निळसर कडेचा प्रकाश. ब्लेंडर ३.६ मध्ये सायकल्सवर केलेलं ते रेंडर ग्राहकाने मंजूर केलं होतं. आता पाडव्यासाठी त्याच मुलीला वांगी रंगाची पैठणी नऊवारी हवी आहे. अट एकच: चेहरा, केस, प्रकाश, शैली जशीच्या तशी. मी ४.२ मध्ये नवी फाइल उघडून पात्र आणि दिवे त्यात अपेंड केले आणि साडी चढवली. आता सगळंच फिकं दिसतंय आणि हनुवटीखाली काळोख आलाय. दिवे हलवलेले नाहीत. काय करावं?

काजळरेघ:
पुन्हा रेंडर करूच नकोस. मंजूर झालेलं चित्र खाली ठेव, शरीराला होल्डआउट करून फक्त साडीचं रेंडर काढ आणि कंपोझिटमध्ये वर बसव. चेहऱ्याचा एकही पिक्सेल बदलणार नाही, म्हणजे ग्राहकाला बोट ठेवायला जागा उरणार नाही. मी जाहिरातींचं काम करते. तिथे मंजूर चेहरा हा मंजूर चेहरा असतो, त्याला कोणी हात लावत नाही.

जुना_रिगर:
काजळरेघ, मंजूर चित्र जपायचं हे पटतं, पण इथे हा मार्ग मानेपाशीच अडेल. हुडीने मान झाकलेली होती, केसांची टोकं टोपीत दबली होती. नऊवारीत मान, खांद्याचा थोडा भाग आणि पोलक्याच्या बाहीखालचे हात उघडे पडतात. ते पिक्सेल जुन्या चित्रात नाहीतच. शिवाय पदराची सावली दंडावर पडायला हवी आणि ठुशीची गळ्यावर. साडी नुसती वरून ठेवली तर ती कागदी बाहुलीला चिकटवल्यासारखी दिसेल. म्हणजे मान, हात आणि सावल्या पुन्हा रेंडर कराव्याच लागतील. मग अर्धं जुनं, अर्धं नवं असं शिवत बसण्यापेक्षा सीनच नीट जुळवलेला बरा.

ओवी, तुझ्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

फिकेपणा आधी घेऊ. ब्लेंडर ४.० पासून नव्या फाइलचं View Transform `AgX` असतं. ३.६ मध्ये ते `Filmic` होतं. हे सेटिंग सीनचं असतं, वस्तूंचं नाही, त्यामुळे अपेंड करताना ते सोबत येत नाही. तू पात्र नव्या घरात नेलंस, घर पात्राकडे आणलं नाहीस. जुनीच फाइल ४.२ मध्ये उघड, ती आपलं `Filmic` धरून राहते, आणि साडी त्या फाइलमध्ये अपेंड कर. वर्ल्डची एचडीआरआय, एक्स्पोजर, ग्लेअर हेही मग आपोआप जुनेच राहतात. एक गोष्ट तेवढी बघ. ४.० मध्ये प्रिन्सिपल्ड शेडर नव्याने लिहिला गेला, शीन आणि त्वचेखालच्या प्रकाशाचं गणित बदललं. मॅट त्वचेत सबसरफेस वापरला असशील तर कानाच्या पाळ्या आणि नाकपुड्या जुन्या चित्राशी ताडून पाहा. तिथे फरक दिसला तर ३.६ मध्येच काम कर. साडीला ४.२ लागतच नाही.

दुसरी तक्रार हनुवटीची. त्यासाठी आधी एक चाचणी कर, मग बोलू. साडी न घालता, हुडीसकट, जुन्या फाइलमधून एक रेंडर काढ. मंजूर पीएनजी खाली, हे वर, आणि ब्लेंड मोड `Difference`. पूर्ण काळं आलं तर सीन जुळला. मग साडी चढवून तेच पुन्हा कर. पार्श्वभूमी उजळली तर रंगव्यवस्थापन किंवा वर्ल्ड चुकलं आहे. पार्श्वभूमी काळी राहून फक्त हनुवटी आणि जबडा उजळला, तर दिव्यांचा काही दोष नाही.

सह्याद्री_गेमर:
मी युनिटीत काम करतो. अवतारावर नवा पोशाख चढवताना मला असंच झालं होतं. घड्यांवर प्रकाश खालून आल्यासारखा दिसायचा, खोलगट भाग फुगीर आणि फुगीर भाग खोलगट. शेवटी कळलं की नॉर्मल मॅप अनरिअलसाठी बेक केलेला होता. अनरिअल डायरेक्टएक्सची पद्धत धरतं, युनिटी आणि ब्लेंडर ओपनजीएलची, म्हणून हिरवा चॅनल उलटा होतो. तो उलटवला आणि सगळं जागेवर आलं. तुझ्या हनुवटीचंही तेच असणार. आणि काष्ट्याचे वेट्स तपास. दोन्ही मांड्यांच्या मधला कपडा आपोआप वेट देताना भलत्याच मांडीला चिकटतो, पाऊल पुढे टाकलं की फाटतो.

जुना_रिगर:
हनुवटीवर नॉर्मल मॅप नवा आलेला नाही, त्यामुळे ते कारण तिथलं नव्हे. पण साडीसाठी ही तपासणी जरूर करावी. मुख्य दिवा डावीकडून वर आहे, तेव्हा प्रत्येक निरीची डावी बाजू उजळ हवी. उजवी उजळ दिसली तर नॉर्मल मॅपचा लाल चॅनल उलटा आहे, वरखाली उलटं दिसलं तर हिरवा. मॅपचं Color Space `Non-Color` आहे ना, तेही पाहा. काष्ट्याबद्दलचं अगदी बरोबर. तो मधला पट्टा पूर्णपणे कमरेच्या हाडाला द्यायचा, मांड्यांना फक्त कडा.

काठपदर:
आमच्या घरी येवल्याच्या पैठण्या विकल्या जातात, थ्रीडीतलं मला काही कळत नाही. पण दोन गोष्टी सांगते. एक, पदर डाव्या खांद्यावर. काही कलाकार मांडणी जमावी म्हणून चित्र आडवं उलटवतात, तसं करू नका, नऊवारी नेसणारी प्रत्येक बाई ते लगेच पकडेल. दुसरी, पैठणीत ताणा आणि बाणा वेगवेगळ्या रंगांचे असले की धूपछाव येते. वळणावर रंग पालटतो. नुसता सपाट वांगी रंग दिला तर ती पैठणी नव्हे. आणि काठ, पदर, बांगडीमोर सगळं खऱ्या मापाचं असावं, खेळण्यासारखं मोठं केलेलं नसावं.

ओवी_थ्रीडी:
जुनी फाइल उघडली, फिकेपणा गेला. हुडीसकट रेंडर जवळजवळ पूर्ण काळं आलं, केसांत थोडा नॉइज. साडी चढवल्यावर पार्श्वभूमी काळीच आहे, कपाळ काळं, पण हनुवटी, जबड्याची खालची कड आणि खालचा ओठ उजळतोय. तिकडेच फरक आहे.

जुना_रिगर:
मग कारण स्पष्ट आहे. पांढरी हुडी तुझ्या सीनमधली एक परावर्तक पाटी होती. मुख्य दिवा छातीवर पडून वर हनुवटीवर उसळायचा, म्हणून तिथे सावली मऊ होती. गडद वांगी कापड तो प्रकाश पिऊन टाकतं आणि उरलेला जांभळट होऊन परततो. खात्री करायची तर हुडी आणि साडी दोघींना एकच मध्यम राखाडी मटेरियल दे आणि दोन रेंडर ताड. चेहरे जुळले तर आकाराचा प्रश्न नाही, सगळा खेळ रंगाचा आहे.

माझ्या मते हे तसंच राहू दे. प्रकाश राखायचा म्हणजे दिवे राखायचे. कपडा बदलला की त्यावरून परतणारा उजेड बदलणारच, आणि तो बदलला म्हणूनच साडी अंगावर आहे असं वाटतं. पांढऱ्या कापडाचा उजेड हनुवटीवर आणि खाली वांगी साडी, हे डोळ्याला खटकतं, मग बघणाऱ्याला कारण सांगता येवो न येवो.

आता शैलीचं. जुन्या रेंडरकडे बघ: हुडीला मोजक्या जाड घड्या आहेत, कडा गोल आहेत, झिपचं धातू मंद चकाकतं. साडीने याच गोष्टी उचलायला हव्यात. सिम्युलेशनमधून आलेल्या बारीक सुरकुत्या या पात्रावर दुसऱ्याच गेममधल्या वाटतील. निऱ्या कमी आणि जाड कर, कापडाला सॉलिडिफायने हुडीच्या कडेइतकी जाडी आणि बेव्हल दे. जरीसाठी झिपचंच मटेरियल घे, रंग तेवढा बदल. त्यात आरशासारखी चमक आली की शैली मोडलीच.

काठपदर, धूपछावेबद्दल मनापासून सहमत. कडेकडे वळणाऱ्या भागात दुसरा रंग येईल असं लेअर वेटने सहज जमतं. पण मोर मात्र मोठे करावे लागतील. हे चित्र फोनवर बोटभर दिसणार. खऱ्या मापाचा बांगडीमोर तिथे नुसती झिणझिणणारी पिवळी पूड होईल.

काठपदर:
मोठे करा, पण मग कमी करा. एका पदरावर दोन मोर नीट दिसले तर विणकाराचा मान राहील. आणि काठ अरुंद नको. साडीचा अर्धा भारदस्तपणा काठात असतो.

काजळरेघ:
मान आणि हातांचं पटलं, ते पुन्हा रेंडर करावेच लागतील. पण हनुवटीबाबत मी मागे हटणार नाही. ग्राहकाची अट "चेहरा जसाच्या तसा" अशी आहे. त्याला उसळणाऱ्या प्रकाशाचं शास्त्र ऐकायचं नाही, त्याला दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर मुलगी थकलेली दिसायला नको आहे. गोंडस पात्रात हनुवटीखालचा काळोख वय वाढवतो. ४.० पासून सायकल्समध्ये `Light Linking` आहे. हनुवटीखाली एक मंद मोठा एरिया लाइट ठेवायचा आणि तो फक्त चेहऱ्यालाच जोडायचा, साडीला स्पर्श होणार नाही. फोटो काढतानाही मॉडेलने काळा कपडा घातला तर आम्ही खालून पांढरी पाटी धरतोच.

जुना_रिगर:
पाटी धरता, कारण तिथे तो निर्णय छायाचित्रकाराचा असतो. इथे तो दिवा मूळ रेंडरमध्ये नव्हता आणि ग्राहकाने तोच प्रकाश मागितला आहे. दुसरं, तुझा दिवा पांढरा असेल. डोळ्यांत तो एक नवा ठिपका उमटवेल, आणि या पात्राचे डोळे मोठे आहेत. निदान त्या दिव्याचं Ray Visibility मधलं `Glossy` बंद कर आणि डोळे त्या लिंकमधून वगळ. त्यात साडीचा थोडा वांगी रंगही मिसळ.

काजळरेघ:
डोळे वगळणं मान्य. वांगी रंग मिसळणं अमान्य. जांभळी हनुवटी छोट्या पडद्यावर खरचटल्यासारखी दिसते.

सह्याद्री_गेमर:
ओवी, गेममध्ये ही मुलगी जीन्स आणि साडी दोन्हींत येणार असेल तर? प्रत्येक पोशाखाला वेगळा दिवा लागेल. उद्या पांढरी साडी आली की पुन्हा सगळं. मी तर हनुवटी राखाडी हुडीवर एकदाच जुळवून ठेवली असती.

ओवी_थ्रीडी:
होय, दिवाळीला अजून एक पोशाख येणार असं ग्राहक म्हणतोय. मी आता दोन्ही रेंडर काढते आहे, एक दिव्याशिवाय, एक डोळे वगळून लावलेल्या मंद दिव्याने, रंग न मिसळता. नाव न लिहिता दोन्ही पाठवेन. मोर दोनच ठेवले, काठ रुंद केला. निऱ्या अजून जाड करायच्या आहेत, मुख्य दिव्यात त्यांच्या कडा अजूनही कागदी दिसतायत.

जुना_रिगर:
बेव्हलला निदान तीन सेगमेंट दे आणि शेड स्मूथ आहे का बघ. तरीही कागदी वाटल्या तर पायाजवळचा एक क्लोजअप टाक, तिथे निळा कडेचा प्रकाश निऱ्यांवर पडतो का ते बघायला हवं. हुडीच्या बाहीवर तो ठळक होता, साडीवर तो कुठेच दिसला नाही तर ग्राहक आधी त्यावरच बोट ठेवेल.